स्लाइडवरचे 312 लाभार्थी आणि अहवालातले 126

आमच्या पेठेतल्या रहिवासी संघाचा वार्षिक अहवाल सध्या जुळवणीला आहे. त्यातलं वर्धापनदिनाचं प्रकरण माझ्या गळ्यात आलंय. फेब्रुवारीत शाहू स्मारकच्या हॉलमध्ये दाखवलेल्या स्लाइडची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडली आणि खाली सचिवांचा निरोप: "सर, सगळं तयारच हाय. नुसतं चिकटवायचं."

चिकटवायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. आता काही मंडळी रुसली आहेत, म्हणून कारणं इथंच लिहितो.

पहिलं कारण अगदी साधं, डोळ्यांचं. हल्लीची स्लाइड 13.33 इंच रुंद असते. आमचा अहवाल ए-फाइव्ह आकाराचा. समास सोडले की ओळीला जेमतेम साडेचार इंच उरतात. म्हणजे चित्र तिपटीनं आकसतं आणि स्लाइडवरचं 18 पॉइंटचं अक्षर कागदावर 6 पॉइंटचं होतं. आमच्याकडं अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे सभासद सगळे साठीच्या पुढचे. त्यांच्या हातात ते दिलं तर आधी शिव्या आणि मग चष्म्याचं बिल.

पण मजकूर मोठा करून छापला तरी भागत नाही. स्लाइडशेजारी एक माणूस उभा असतो आणि निम्मी माहिती त्याच्या तोंडात असते. अहवाल वाचणाऱ्याशेजारी कुणी नसतं. त्यामुळं मी आधी त्या दिवसाचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, मग वह्या मागवल्या आणि स्लाइड सगळ्यात शेवटी उघडल्या.

आरोग्य शिबिराचंच बघा. स्लाइडवर मोठ्या अक्षरात ‘लाभार्थी 312’. खाली तीन रंगीत खांब: डोळे 118, रक्तदाब 104, साखर 90. बेरीज बरोबर 312 येते, आणि बेरीज इतकी बरोबर आली की मला शंका येते. माणूस शिबिराला आला की एकच तपासणी करून थोडाच जातो? टोकनाची वही मागवली. त्यात नावं 126. म्हणजे बहुतेकांनी दोन किंवा तिन्ही तपासण्या करून घेतल्या होत्या. 312 हा आकडा खोटा नाही, पण तो तपासण्यांचा आहे, माणसांचा नाही. हॉलमध्ये बोलणाऱ्या ताईंनी "तीनशेबारा तपासण्या झाल्या" असंच म्हटलेलं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. स्लाइड करणाऱ्या पोरानं जागा वाचवायला ‘लाभार्थी’ लिहिलं, एवढंच.

त्याच स्लाइडच्या कोपऱ्यात ‘मोतीबिंदू 14’. एवढंच. चौदाजणांना आहे, शंका आहे, का चौदा ऑपरेशनं झाली? ज्यानं त्यानं आपल्या सोयीचं वाचावं. शिबिराच्या डॉक्टरांकडून पाठवणीच्या चिठ्ठ्यांची यादी मिळाली, एकेका घरी फोन केला आणि मग परिच्छेद असा झाला:

‘शिबिरात 126 रहिवाशांनी तपासणी करून घेतली. डोळे, रक्तदाब व रक्तातील साखर मिळून 312 तपासण्या झाल्या. डोळे तपासलेल्या 118 जणांपैकी 14 जणांना मोतीबिंदूची शंका आल्याने पुढील तपासणीसाठी पाठवण्यात आले. त्यांपैकी 6 जणांची शस्त्रक्रिया 31 मार्चपर्यंत झाली.’

चार वाक्यं. खांब काढून टाकले. तीन आकड्यांसाठी आलेख कशाला लागतो?

यावर आमच्या कार्यकारिणीत एकानं विचारलं, "126 लिवलं तर शिबिर बारकं दिसतंय की." मला तसं वाटत नाही. पेठेतली सव्वाशे माणसं एका सकाळी उठून आली, हे काय थोडं झालं? आणि 312 छापलं असतं तर पुढच्या वर्षी 150 माणसं येऊनसुद्धा शिबिर निम्म्यावर आल्यासारखं दिसलं असतं.

आता पैशाचं. इथं खरी कुस्ती झाली.

स्लाइड म्हणते: देणगी 1,85,000, खर्च 1,62,000, शिल्लक 23,000. टाळ्याही पडल्या होत्या. पण स्लाइड वर्धापनदिनाच्या आदल्या रात्री केलेली. तेव्हाची देणगी म्हणजे माणसांनी शब्द दिलेली देणगी आणि खर्च म्हणजे ठरलेला खर्च. अहवालात मात्र याच प्रकरणाच्या मागं ऑडिट झालेला जमाखर्च छापतात. तो 31 मार्चला थांबतो, आणि आमचा हिशोब रोखीच्या पद्धतीनं, म्हणजे पैसा आला तर जमा, दिला तर खर्च. खजिनदार काकांनी पावतीपुस्तक काढलं. 31 मार्चपर्यंत आलेले 1,41,000. मांडववाल्याचे 24,000 एप्रिलमध्ये दिले, म्हणून त्या वर्षाचा खर्च 1,38,000. शिल्लक 3,000.

एकाच पुस्तकात एका पानावर 23,000 आणि पुढं जमाखर्चात 3,000 छापून आलं असतं, तर वार्षिक सभेत काय झालं असतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पैसे कुणी खाल्लेले नाहीत. नंतर एप्रिल-मे मिळून 35,000 आलेसुद्धा, आता फक्त 9,000 यायचे आहेत. ते आले की सगळं मिळून शिल्लक तेवीस हजारच होते. पण हे वाचणाऱ्याला आपण सांगितलं तरच कळणार. म्हणून मजकुरात ऑडिटचे आकडे घेतले आणि लगेच खाली एक ओळ टाकली: जाहीर झालेल्या देणग्यांपैकी 44,000 रुपये व मांडवाचे 24,000 रुपये यांचा व्यवहार 31 मार्चनंतरचा असल्याने तो पुढील वर्षाच्या हिशोबात दिसेल.

काकांना ती ओळ आधी नको होती. "उगं कशाला उघडं करायचं?" म्हणाले. मी म्हटलं, काका, ही ओळ तुमच्याच बाजूनं बोलणार आहे. मग हसले.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण त्रास तेवढाच देतात. ‘आतापर्यंत’, ‘यंदा’, ‘गेल्या महिन्यात’ हे शब्द फेब्रुवारीत बरे होते. अहवाल हातात पडणार ऑगस्टमध्ये, तेव्हा ‘यंदा’ म्हणजे कुठलं वर्ष? तिथं सरळ तारखा घातल्या. ‘रोपे 200’ याच्यापुढं कुठं लावली, कुणी पाणी घातलं आणि किती जगली, ते वृक्ष समितीकडून लिहून मागवलंय. अजून आलेलं नाही. न आल्यास ‘200 रोपे लावली’ एवढंच छापेन, ‘200 झाडांचं संवर्धन’ छापणार नाही. आणि नावं. स्लाइडवर ती इंग्रजी अक्षरांत आहेत, त्यामुळं Khade म्हणजे खडे का खाडे, ते सभासद नोंदवहीत बघितल्याशिवाय लिहायचं नाही. एवढ्यावरून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं मला माहीत आहेत.

राहता राहिली देणगीदारांची यादी. स्लाइडवर जाहीर केलेल्या सगळ्यांची नावं होती. अहवालात 31 मार्चपर्यंत पावती फाडलेल्यांचीच घेतली. उरलेल्यांची पुढच्या वर्षी. यावर अजून घोळ चालू आहे, कारण दोन नावं अशी आहेत की ती वगळली तर सभेत पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारतील. माझं म्हणणं, यादी छापायला जायच्या आधी अध्यक्षांनी स्वतः फोन करून त्यांना सांगावं. अध्यक्ष म्हणतात, फोन तुम्हीच करा सर, तुमचं शब्दांचं काम आहे.