सेटर रजेवर, मशीन चालू: बदलीचा माणूस कितपत तयार हवा?

«छोट्या टीममध्ये प्रत्येकाला प्रत्येक काम आलंच पाहिजे. दर महिन्याला माणसांच्या जागा बदला. तीन महिन्यांत कुणीही कुणाच्या जागी उभा राहील आणि रजेने काम अडणार नाही. थोडं कमी येत असलं तरी मशीन बंद राहण्यापेक्षा बरं.»

भोसरीतलं जॉबवर्कचं एखादं शॉप डोळ्यांसमोर ठेवू: दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, सात माणसं. वरच्या दाव्यातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण नुकसान तिथेच होतं. मशीन बंद राहिलं तर एका दिवसाचं उत्पादन जातं आणि ते किती गेलं हे कळतं. अर्धवट शिकलेल्या हाताने चालवलं तर काय गेलं ते बहुधा गिऱ्हाइकाकडून कळतं.

लेथवर बुश चाललाय. बाहेरचा व्यास 25 h7, म्हणजे 24.979 ते 25.000, आणि आपण 24.990 धरून चालतो. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाची बदलता येणारी धार, झिजेल तसा व्यास वाढत जातो, म्हणून दिवसभर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झिजेपोटी कंट्रोलमध्ये ठेवलेल्या दुरुस्तीच्या आकड्यात, थोडं थोडं वजा केलं जातं. दुपारपर्यंत वेअर X मध्ये -0.060 जमलंय. इतकं ऑपरेटर महिन्याभरात सहज शिकतो: माप जास्त आलं की वजा करायचं. आता इन्सर्टची धार गेली आणि प्रत्येक जॉबसाठी मशीन लावून देणारा सेटर रजेवर आहे. बदलीचा माणूस नवी इन्सर्ट बसवतो, स्क्रू नीट आवळतो आणि सायकल स्टार्ट दाबतो. ते -0.060 जुन्या धारेच्या झिजेसाठी होतं, नव्या धारेला ते लागू नाही. इन्सर्टच्या स्वतःच्या मापातला थोडा फरक सोडला तरी पीस 24.930च्या आसपास येतो. बाहेरचा व्यास लहान झाला म्हणजे पीस भंगारात.

सेटर इथे वेगळं करतो. इन्सर्ट बदलली की जुनं -0.060 पुसून वेअर X मध्ये मुद्दाम +0.200 टाकतो, म्हणजे माल शिल्लक राहतो. एक पीस काढून मायक्रोमीटरने मोजतो. समजा 25.205 आलं. 24.990 हवं, म्हणून 0.215 कमी करायचं. फॅनुक कंट्रोलवर -0.215 टाइप करून +INPUT दाबलं की ते आधीच्या आकड्यात मिळवलं जातं, वेअर -0.015 होतं आणि तोच पीस पुन्हा फिनिश करता येतो. शेजारची INPUT दाबली तर जुना आकडा पुसून तिथे -0.215 बसतं आणि व्यास येतो 24.790. बोअरला, म्हणजे आतल्या व्यासाला, चिन्हं उलट: शिल्लक ठेवायला -0.200, मोठं करायला अधिक. फक्त बाहेरच्या व्यासावर शिकलेला माणूस तिथेही सवयीने वजा करतो.

व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर, हीच चूक आणखी महागात पडते. टूलची लांबी H मध्ये 152.340 आहे, खोली 0.05 वाढवायची आहे. वेअरच्या रकान्याऐवजी जिऑमेट्रीच्या, म्हणजे टूलच्या मूळ मापाच्या, रकान्यात -0.050 टाकून INPUT दाबलं, तर कंट्रोलच्या लेखी टूलला लांबीच उरत नाही. टूलची लांबी लागू करणारा G43 कोड आला की स्पिंडल सुमारे 152 मिलिमीटर जास्त खाली जातो. खाली व्हाइस असतो.

आता महिन्याचा हिशोब. शिकणं दिवसांवर मोजून चालत नाही, सेटिंग किती झाली त्यावर मोजावं लागतं. एखादा जॉब दीड महिन्याने एकदा लागत असेल, तर महिनाभर त्या मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाने त्याचं सेटिंग पाहिलेलंही नसेल. तो फक्त पीस लावणं-काढणं शिकला. आमचा ठोकताळा पाच सेटिंगचा आहे. एक नुसतं पाहायचं. दोन स्वतःच्या हाताने करायची, सेटर शेजारी, पण त्याने पॅनलला हात लावायचा नाही; हा नियम सेटरलाच जड जातो. उरलेली दोन एकट्याने, सेटर त्याच शॉपमध्ये दुसऱ्या मशीनवर. रजेचा दिवस ही पहिली परीक्षा असू नये. आणि एकदा आलं म्हणजे कायमचं आलं असंही नाही. दोन-तीन महिने सेटिंग केलं नाही तर पुन्हा एकदा शेजारी उभं राहून करून घ्यावं.

माणूस तयार आहे का, हे चांगल्या दिवशी कळत नाही. त्याला तीन प्रसंग विचारा आणि मशीनवर करून दाखवायला सांगा. इन्सर्ट बदलल्यावर वेअरचं काय करशील आणि का? सायकल मध्येच असताना लाइट गेली, तर पुन्हा कुठून सुरू करशील? जिथे थांबलं त्याच ओळीपासून, असं उत्तर आलं तर तो तयार नाही; टूल सुरक्षित दूर नेऊन, त्या टूलच्या बोलावण्यापासून सुरू केलं पाहिजे, नाहीतर स्पिंडल आणि ऑफसेट चालू नसतानाच टूल जॉबवर जाईल. तिसरा प्रसंग: माप बाहेर गेलेलं दिसलं, तर आधी काय? ऑफसेटला हात लावण्याआधी मागचे पीस वेगळे करून मोजणं, हे उत्तर हवं.

सगळ्यांना सगळं, हा हट्ट तर सोडूनच द्यावा. सात माणसं आणि सहा कामं म्हटलं की बेचाळीस जोड्या होतात, आणि शिकवणारा तोच एक सेटर. ऑडिटला दाखवायच्या स्किल मॅट्रिक्समध्ये सगळी वर्तुळं काळी रंगवलेली दिसतात, ती बऱ्याचदा ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी रंगवलेली असतात. ज्या कामावाचून डिस्पॅच अडतो अशी दोन-तीन कामं निवडा आणि त्यांना प्रत्येकी एक पक्का बदली माणूस तयार करा. पॅनल उघडून वायरिंगला हात घालणं या यादीत येऊच नये; तिथे परवानाधारक वायरमनच हवा.

बाकीच्यांना अर्धं शिकवायला हरकत नाही, पण ते अर्धं कुठे संपतं ते मशीनवर लिहून लावा: पीस लावणं, गेजने तपासणं, वेअरमध्ये एका वेळी 0.020पर्यंत बदल. जिऑमेट्री, वर्क ऑफसेट, प्रोग्राम, जॉ बोअर करणं बंद. प्रोग्राम प्रोटेक्टची किल्ली काढून घ्या. बऱ्याच फॅनुक लेथवर एका वेळी वेअर किती बदलता येईल याची मर्यादा पॅरामीटरने लावता येते. ती लावलीत तर +INPUT ने टाकलेलं -0.215 कंट्रोल स्वतःच नाकारेल, पण INPUT ने टाकलेलं तिच्यात अडेलच असं नाही. सेटरला मात्र +0.200चा बदल मग टप्प्याटप्प्याने करावा लागेल किंवा मर्यादा तात्पुरती काढावी लागेल.

राहता राहिली रजा. दावा असं धरून चालतो की माणसं एकेक करून गैरहजर राहतात. तसं होत नाही. गणपतीला कोकणातले सगळे एकदम जातात, पेरणीला मराठवाड्यातले, छठपूजेला बिहारचे. सेटर आणि त्याचा बदली माणूस एकाच गावचे असतील तर एकाच लग्नालाही जातील. म्हणून बदली माणूस निवडताना हात किती चालतो याइतकंच तो कुठला आहे आणि कधी गावी जातो हेही पाहा. आणि ज्या आठवड्यात दोघंही नसणार हे आधीच कळलंय, त्या आठवड्यासाठी तिसरा घाईने तयार करू नका. माल आधी काढून ठेवा, गिऱ्हाइकाला पंधरा दिवस आधी तारीख कळवा आणि त्या मशीनवर सेटिंग न बदलता एकच सोपा, मोकळ्या टॉलरन्सचा जॉब लावून जा.