‘व्हेन’नंतर ‘विल’ कधी येते: एक खुलासा

“इंग्रजीत व्हेन, अन्टिल आणि ॲज सून ॲज यांच्यानंतर विल कधीच येत नाही.”

अन्टिल आणि ॲज सून ॲज यांच्यापुरते हे विधान व्यवहारात बिनचूक आहे; ‘वेट अन्टिल ही कम्स’ हेच बरोबर, तेथे ‘विल कम’ चालत नाही. ‘व्हेन’च्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे आहे, कारण हा शब्द दोन वेगळी कामे करतो. ‘टेल मी व्हेन ही कम्स’ म्हणजे तो येईल तेव्हा मला सांग. येथे व्हेनचे उपवाक्य सांगण्याची वेळ ठरवते, म्हणून भविष्यातील घटनेलाही वर्तमानकाळ लागतो. ‘टेल मी व्हेन ही विल कम’ म्हणजे तो केव्हा येईल ते मला सांग. येथे येण्याची वेळ हीच विचारलेली माहिती असल्याने विल योग्य ठरते. मराठीत ‘तेव्हा’ बसत असेल तर वर्तमानकाळ आणि ‘केव्हा’ बसत असेल तर विल, एवढी कसोटी बहुतेक ठिकाणी पुरते. वेळापत्रकाची गोष्ट वेगळी: ‘टेल मी व्हेन द ट्रेन लीव्ज’ या वाक्यात ‘केव्हा’ अभिप्रेत असूनही वर्तमानकाळ चालतो, आणि तेथे दोन्ही अर्थ संभवतात.