बायकोच्या नावावरची एफडी आणि नवऱ्याचा रिटर्न: एका प्रतिक्रियेला उत्तर

दापोलीहून आलेली प्रतिक्रिया अशी आहे:

"तुमचा लेख वाचला. उगाच लोकांना घाबरवता. नवरा-बायकोतल्या देणगीवर कर नाही हे तुम्हीच लिहिता आणि पुढे क्लबिंगची भीती घालता. मी जागेच्या विक्रीतले 20 लाख बायकोला चेकने दिले, बक्षीसपत्रही केले. तिने 12 लाखांची एफडी केली. 8 लाखांत माहेरच्या घराला लागून चिऱ्याच्या दोन खोल्या बांधल्या, तिथे तिचे होमस्टे आधीपासून आहे. तिचे पॅन वेगळे, रिटर्न वेगळा, रिफंडसुद्धा आला. खात्याला चालते तर तुम्हाला काय अडचण? होमस्टेत राबते ती, मग नफा माझा कसा? आता सुनेच्या नावे 5 लाख ठेवणार आहे, तेही चूक का?"

नमस्कार साहेब. रागावून लिहिलेत तरी आकडे नीट दिलेत, त्यामुळे तुमचाच हिशेब मांडतो.

तुमचे पहिले वाक्य बरोबर आहे. वर्षभरात 50,000 रुपयांहून जास्त रक्कम विनामोबदला मिळाली तर घेणाऱ्याला कर लागतो, पण देणारा कायद्याच्या व्याख्येतला नातेवाईक असेल तर कितीही मिळाली तरी लागत नाही. नवरा त्या व्याख्येत येतो, सासराही येतो. म्हणून 20 लाखांवर वहिनींना एक रुपयाही कर नाही. पण हा नियम बोलतो तो मुद्दलाबद्दल. त्या मुद्दलावर पुढे जे उत्पन्न होते ते कोणाच्या रिटर्नमध्ये जायचे, हे 1961 च्या कायद्याचे कलम 64 ठरवते. ते सांगते की पुरेसा मोबदला न घेता जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचे. यालाच क्लबिंग म्हणतात. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, हे तत्त्व तसेच राहिले.

तुमच्या बक्षीसपत्राचीही गंमत आहे. पैसे देणगी म्हणून आले हे त्याने पक्के होते, त्यामुळे वहिनींना कोणी विचारणार नाही. पण मोबदला घेतला नाही हेही त्याच कागदाने पक्के होते, आणि क्लबिंगला तेवढेच लागते.

आता एफडी. सोयीसाठी एफडीची पहिली दोन्ही वर्षे 2025-26 च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी मोजतो, तुमचे करपात्र उत्पन्न 17 लाख धरतो आणि व्याज वर्षाला 7 टक्के. पहिल्या वर्षी 12 लाखांवर 84,000 व्याज. ते तुमच्या उत्पन्नात मिळवायचे. 16 ते 20 लाखांच्या टप्प्याला 20 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 20.8 टक्के. कर झाला 17,472 रुपये. हेच व्याज वहिनींच्या रिटर्नमध्ये दाखवले तर 12 लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे कर शून्य. तुम्हाला जो फायदा वाटतो आहे तो एवढाच, आणि तो तुमचा नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र एक गोष्ट तुमच्या बाजूने वळते. व्याज एफडीतच राहिले तर मुद्दल 12,84,000 होते आणि व्याज 89,880. यातले मूळ 12 लाखांवरचे 84,000 तुमचे, पण मागच्या व्याजावर सुटलेले 5,880 वहिनींचे. दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न क्लब होते, त्या उत्पन्नाचे उत्पन्न होत नाही. म्हणून सुटलेले व्याज दरवर्षी वेगळ्या खात्यात काढून त्याची वेगळी एफडी करावी. एकाच पावतीत सगळे वाढू दिले तर पाच वर्षांनी कोणते व्याज कोणाचे हे शोधताना घाम फुटतो, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. मूळ 12 लाख मोडून त्यांनी सोने घेतले किंवा फंडात घातले, तरी क्लबिंग त्या नव्या वस्तूच्या मागे जाते. विकताना झालेला भांडवली नफाही तुमच्याकडेच येतो.

रिफंडबद्दल. बँकेने 84,000 वर 10 टक्के टीडीएस कापला असेल, म्हणजे 8,400. वहिनींच्या रिटर्नमध्ये कर शून्य, म्हणून ते परत आले. रिटर्नची ही पहिली छाननी संगणक करतो. तो रिटर्नमधले आकडे टीडीएसच्या नोंदींशी ताडून बघतो. एफडीचे मुद्दल कोणाच्या खात्यातून आले हे त्याला त्या वेळी दिसत नाही. त्यामुळे रिफंड आला याचा अर्थ खात्याला चालले असा होत नाही, कोणी अजून विचारले नाही एवढाच होतो. विचारतात ते जागेच्या विक्रीवरून. दुय्यम निबंधकाकडे झालेल्या मोठ्या रकमेच्या खरेदीखताची माहिती तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडे तुमच्या पॅनवर जमलेल्या व्यवहारांच्या यादीत, असते, "त्या पैशांचे काय केले" हा प्रश्न तुम्हाला येतो, आणि तुमच्या बँक स्टेटमेंटमध्ये वहिनींच्या नावाचा 20 लाखांचा चेक निघतो.

टीडीएस कापू नये म्हणून मार्च 2026 पर्यंत पुष्कळ बायका बँकेत 15जी भरून देत. त्या फॉर्मच्या खालच्या घोषणेत स्पष्ट लिहिलेले असे की हे उत्पन्न कलम 60 ते 64 प्रमाणे दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात मिळवायचे नाही. नवऱ्याने दिलेल्या पैशाच्या एफडीसाठी त्याखाली सही करणे म्हणजे खोटी घोषणा. काउंटरवरचा माणूस "इथे सही करा" म्हणे आणि ते कोणी वाचत नसे. यापुढे टीडीएस तुमच्या पॅनवर जमा व्हावा यासाठी वहिनींनी बँकेला लेखी द्यायचे असते: तुमचे नाव, पत्ता, पॅन आणि कारण. बँकेच्या शाखा याला कुरकुरतात, तेव्हा पोच घेऊन ठेवा.

होमस्टेचा हिशेब एफडीसारखा सरळ नाही, आणि तिथे तुमचे नुकसान तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी आहे. दिलेला पैसा धंद्यात गेला की सगळा नफा क्लब होत नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे 1 एप्रिलला, धंद्यात जोडीदाराचे एकूण भांडवल किती आणि त्यात तुम्ही दिलेले किती, या प्रमाणात होतो. समजा खाटा, गाद्या, पाण्याची टाकी, सोलर यांत वहिनींचे स्वतःचे 4 लाख आधीपासून होते आणि तुमचे 8 लाख डिसेंबरात आले. त्या वर्षीच्या 1 एप्रिलला तुमचा पैसा धंद्यात नव्हता, म्हणून त्या वर्षीचा होमस्टेचा नफा पूर्ण त्यांचा. पुढच्या 1 एप्रिलला एकूण 12 लाखांत तुमचे 8, म्हणजे दोन तृतीयांश. खर्च वजा जाता नफा 3 लाख असेल तर 2 लाख तुमच्या रिटर्नमध्ये, 1 लाख त्यांच्या. एफडीचे 84,000 धरून त्या वर्षी तुमच्याकडे 2,84,000 आले, त्यावर कर 59,072.

हा सगळा नफा त्यांनी धंद्यातच ठेवला तर त्यापुढच्या वर्षी भांडवल 15 लाख, त्यात तुमचे तेच 8. प्रमाण 53 टक्क्यांवर उतरते आणि पुढेही उतरत जाते. पण हे दाखवायला होमस्टेचे भांडवल खाते लिहिलेले हवे. पर्यटकांचे पैसे यूपीआयने घरखर्चाच्या खात्यात, मासळी आणि गॅस रोखीने, अशी सरमिसळ असेल तर 1 एप्रिलचे भांडवल कोणी ठरवायचे? होमस्टेला वेगळे चालू खाते काढा. आणि एखाद्या वर्षी तोटा झाला तर त्याच प्रमाणात तोही तुमच्याकडे येतो.

"राबते ती" हे तुमचे म्हणणे न्यायाचे आहे, आणि कायदा इथे आखूड पडतो असे माझेही मत आहे. पहाटे उठून घावणे घालणाऱ्या बाईच्या कष्टाला या सूत्रात जागा नाही. ते फक्त भांडवल मोजते. अंगच्या कौशल्याची सवलत अज्ञान मुलाच्या कमाईला आहे. जोडीदाराला ती मिळते ती नवऱ्याचा मोठा हिस्सा असलेल्या संस्थेतून पगार घेताना, तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल तर. स्वतःच्या होमस्टेला ती लागू नाही.

चुकलेल्या वर्षासाठी उपाय आहे. तुमचा सुधारित रिटर्न भरायची मुदत गेली असेल तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, भरता येतो. आकारणी वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत भरलात तर कर आणि व्याज यांवर 25 टक्के जादा, 24 महिन्यांत 50 टक्के. उशीर वाढेल तसा हा आकडा वाढतो, आणि 48 महिन्यांनंतर दार बंद. वहिनींनी 8,400 घेतलेच आहेत, तेव्हा ते तुमच्या रिटर्नमध्ये परत मागू नका. क्लब केलेले उत्पन्न आयटीआर-2 किंवा 3 मधल्या शेड्यूल एसपीआयमध्ये वहिनींचे नाव, पॅन, नाते आणि रक्कम लिहून दाखवायचे.

सूनबाईंचे 5 लाख ठेवू नका. सासऱ्याने किंवा सासूने सुनेला दिलेल्या पैशाचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळते, बायकोसारखेच. तेच 5 लाख सज्ञान मुलाला दिलेत तर व्याज मुलाचे, तुमच्याकडे काही येत नाही. मुलाने ते लगेच बायकोच्या नावावर फिरवले तर मुलाकडे क्लब होईल. आणि "तुझ्या नावाने देतो, तू तिला दे" असे आधी ठरवून केलेत तर ते आडवळणाचे हस्तांतरण धरून व्याज तुमच्याकडेच येईल. दोन भावांनी एकमेकांच्या बायकांना देण्याची युक्तीही अशीच फसते. साखळीतले व्यवहार एकमेकांशी जोडलेले असतील तर ते एकच मानायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने सी. एम. कोठारी प्रकरणात 1963 सालीच सांगून ठेवले आहे.

तिसरी खोली काढायची असेल तर वहिनींना देणगी देऊ नका, कर्ज द्या. चेकने, लेखी कराराने, बाजारात मिळेल तेवढ्या व्याजाने आणि ठरलेल्या हप्त्यांनी. व्याज तुमच्या उत्पन्नात येईल, होमस्टेत ते खर्च म्हणून वजा होईल आणि उरलेला नफा वहिनींचा राहील. हप्ते मात्र खरोखर तुमच्या खात्यात आले पाहिजेत. वर्षानुवर्षे एकही हप्ता न आलेले कर्ज अधिकाऱ्यासमोर देणगीच ठरते.