भाड्याची पावती आणि बँकेतली नोंद : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

> "लेखा विभागात उभी हयात गेलेला माणूस म्हणून सांगतो, बँकेच्या स्टेटमेंटला कोणी विचारत नाही, पावती हाच पुरावा. घरमालकाच्या पॅनबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलं नाही. नव्या करप्रणालीत तर हा विषयच संपलाय. सी.ए. नसताना अर्धवट माहितीवर लोकांना नोटिशीच्या तोंडी देऊ नका." – एक वाचक, सोलापूर

नमस्कार. घरभाडे भत्त्यावरची आयकर सूट मागताना बँकेतली नोंदही भाड्याचा पुरावा ठरते, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं, त्यावरची आपली ही प्रतिक्रिया. आपल्या वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवून लिहितोय, पण शेवटचं वाक्य लागलं. मी सी.ए. आहे असं कधीच म्हटलेलं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी एकवीस वर्षं गेली, आणि नोटिशीच्या तोंडी मी स्वतः जाऊन आलोय. चूक दाखवायची तर दाखवा, आभारच मानेन. "अर्धवट" म्हणून हिणवायची गरज नव्हती.

पॅनचं आपलं म्हणणं मान्य. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की फॉर्म १२बीबीमध्ये घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. हे माझ्याकडून राहिलं होतं, मूळ लेखात आता घातलंय. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट मिळत नाही हे मलाही ठाऊक आहे. लेख जुनी प्रणाली निवडणाऱ्यांसाठी होता, तसं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आता "पावती हाच पुरावा" याबद्दल. हे वाक्य मीही २०१८ सालापर्यंत छातीठोकपणे म्हणत होतो.

२०१६-१७ मध्ये मी आसरा चौकाजवळ दोन खोल्यांत राहत होतो. भाडं ७,००० रुपये, दर महिन्याला रोख. घरमालक चांगले होते, पण पावती महिन्याच्या महिन्याला कोण देतो? मार्चमध्ये कार्यालयातून मागणी आली तेव्हा त्यांनी एका संध्याकाळी बसून बारा पावत्या फाडून दिल्या, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, सही करून. पुढे आयकर विभागाची चौकशी लागली. अधिकाऱ्यांनी त्या पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या. एकच पेन, एकच शाई, आणि क्रमांक ४१ ते ५२. त्यांनी विचारलं, "तुमच्या मालकांचे आणखी भाडेकरू आहेत ना? मग वर्षभरात मधली एकही पावती दुसऱ्या कोणाला गेली नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाडं मी खरोखर दिलं होतं, एकेक रुपया दिला होता, तरी माझ्याच पावत्यांनी मला खोटं ठरवलं.

वाचवलं ते पासबुकाने. दर महिन्याच्या ३ ते ६ तारखेत एटीएममधून बरोबर ७,००० काढल्याची नोंद नऊ महिन्यांत होती. बाकी तीन महिने मी पैसे दोन-तीन वेळा करून काढले होते, किंवा घरातल्या रकमेतून दिले होते. नऊ महिने मान्य झाले, तीन गेले, त्यांचा कर व्याजासकट भरला. आता सांगा, विचारलं कशाला गेलं, पावतीला की स्टेटमेंटला?

आपल्या कार्यालयात पावतीशिवाय फाईल पुढे जात नसेल, तर ती कार्यालयाची पद्धत झाली. सूट मिळते ती प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यावर, आणि दिलं हे दाखवण्याचा पावती हाच एक मार्ग आहे असं कायदा म्हणत नाही. कार्यालयाने नाकारलं तरी विवरणपत्रात सूट मागता येते. फक्त मग फॉर्म १६ आणि विवरणपत्र यांचा मेळ बसत नाही, प्रश्न येऊ शकतो, आणि तेव्हा हातात मजबूत काहीतरी लागतं. मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ साली आईला रोख भाडं दिल्याचा एक दावा फेटाळला. पावत्या तिथेही होत्या. बँकेतला माग नव्हता.

पण नुसती नोंद असून भागत नाही, ती वाचता आली पाहिजे. माझ्या भाच्याचंच २०२४-२५ चं उदाहरण घ्या. विजापूर रोडला फ्लॅट, भाडं ९,५००, म्हणजे वर्षाला १,१४,०००. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून वर्षाला ४,८०,०००, घरभाडे भत्ता ९६,०००. भाड्यातून पगाराचे दहा टक्के, म्हणजे ४८,००० वजा केले की ६६,००० उरतात. सोलापूरसाठी पगाराच्या चाळीस टक्क्यांची मर्यादा १,९२,००० होते. तिन्हींत सर्वांत कमी ६६,०००, तेवढी सूट.

पोराने स्टेटमेंट आणलं आणि माझं डोकं फिरलं. एका महिन्यात १०,१४०, दुसऱ्यात ९,८६५, तिसऱ्यात ११,०२०. भाडं आणि लाइट बिल एकत्रच यूपीआयने पाठवलेलं! लाइट बिल म्हणजे भाडं नव्हे. एकही आकडा करारातल्या ९,५०० शी जुळेना. त्यात जूनला ३०,००० ची एक नोंद, ते डिपॉझिट. परत मिळणारं डिपॉझिटही भाडं नव्हे. वर सगळे पैसे घरमालकीणबाईंच्या मुलाच्या खात्यात, आणि करार बाईंच्या नावावर. नोंदीतलं नाव पॅनशी जुळेना, करारातल्या नावाशीही जुळेना.

इथे पावती कामाला आली, हे मी मोकळेपणाने लिहितो. बाईंकडून महिनावार पावत्या घेतल्या. प्रत्येकीत भाडं ९,५०० आणि लाइट बिल वेगळं दाखवलं, यूपीआयचा संदर्भ क्रमांक लिहिला, आणि "रक्कम माझ्या सांगण्यावरून मुलाच्या खात्यावर घेतली" असं बाईंच्या सहीने लिहून घेतलं. लाइट बिलांच्या प्रती मागे जोडल्या, म्हणजे १०,१४० मधले ६४० कुठले ते कळतं. पावतीवर तारीख मात्र लिहून दिली त्याच दिवसाची टाकली. मागची तारीख टाकायची म्हणजे माझेच ४१ ते ५२ पुन्हा करायचे.

पुढच्या महिन्यापासून त्याला दोन व्यवहार करायला लावले. भाडं थेट बाईंच्या खात्यावर, बरोबर ९,५००, आणि शेऱ्यात महिना. लाइट बिल वेगळं. आता स्टेटमेंटमध्ये असं दिसतं:

```
UPI/DR/…/ghar bhade may25    9,500.00
```

शेरा अगदी थोडक्यात लिहायचा, कारण काही बँकांच्या स्टेटमेंटमध्ये लांब शेरा मधेच तुटतो आणि महिनाच गायब होतो. मोबाइलमधल्या ॲपचा फोटो काढून देऊ नये. बँकेच्या साइटवरून पीडीएफ घ्यावी किंवा शाखेतून शिक्का मारून आणावी. खातं बंद करायचं असेल तर त्याआधी सगळी वर्षं उतरवून ठेवावीत.

नोंदीला एक मर्यादा आहेच. पैसे गेले हे ती दाखवते, तुम्ही त्या घरात राहिलात हे दाखवत नाही. त्यासाठी करार लागतो, त्या पत्त्यावरचं गॅसचं किंवा लाइटचं बिल लागतं. हे माझ्या मूळ लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात.

आपण उभी हयात लेखा विभागात काढलीत म्हणता, तर मला एवढंच सांगा: आपल्या टेबलावर मार्चमध्ये आलेल्या पावत्यांचे क्रमांक आपण कधी पाहिलेत का?