महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर जायचंय? मग असं उत्तर लिहा

"तुमच्या वेबसाइटमध्ये गंभीर चुका आढळल्या आहेत, ३० दिवसांत पहिल्या पानावर आणू, १०० टक्के गॅरंटी." हा मेल तुम्हालाही आला असेलच. नसेल आला तर तुमची वेबसाइटच नाहीये, सुखी आहात. माझी मावशी गुहागरला होमस्टे चालवते, चारच खोल्या, साइटचं काम माझ्या गळ्यात. तिने तो मेल मला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, "भरू का रे पैसे? आजच भरले तर निम्म्यात करतायत." तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून म्हटलं अशा मेलला उत्तर कसं द्यावं याचं सगळ्यांनाच फुकट मार्गदर्शन करू.

सर्वात आधी भारावून जा. आता गूगलने स्वतःच्या मदतपानावर स्वच्छ लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, पण गूगलला काय कळतंय गूगलमधलं? तिथेच पुढे असंही लिहिलंय की असले मेल त्यांना स्वतःलाही येतात, म्हणजे "गूगल डॉट कॉम पाहिली, तुमची साइट बऱ्याच सर्च इंजिनांमध्ये दिसत नाही" असे. बिचारे. त्यांनीपण पॅकेज घ्यायला हवं होतं.

पाठवणाऱ्याचा पत्ता बघू नका. जगाला पहिल्या पानावर नेणाऱ्या माणसाला स्वतःची वेबसाइट लागत नाही, साधं जीमेल पुरतं.

मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, भरून देतो म्हणाले तर आनंदाने हो म्हणा. गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय की वेब सर्चच्या रँकिंगसाठी तो टॅग आम्ही बघतच नाही, पण जुनी माणसं आहेत, मान ठेवावा.

आता मुख्य गोष्ट, टायटल, म्हणजे पानाच्या कोडमधलं त्याचं नाव, गूगल निकालात शीर्षक म्हणून सहसा दाखवतं ते. मेलमध्ये "फ्री सॅम्पल" म्हणून हे पाठवलं होतं आणि सूचना अशी की साइटच्या सगळ्या पानांना हेच लावा:

```
<title>Best Homestay Guhagar | Cheap Homestay Guhagar | Homestay Near Beach | Hotel Guhagar | Top Homestay</title>
```

लावा की! खोल्यांच्या पानाला हेच, जेवणाच्या पानाला हेच, "कसं यायचं" त्या पानालाही हेच. म्हणजे कुठल्या पानावर काय आहे हे गूगलला कळायची भीतीच नको. आणि लांबीची काळजी कशाला करता, टायटल किती लांब असावं याला गूगलची मर्यादा नाहीच, फक्त दाखवताना स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढं दाखवतात आणि पुढे तीन टिंबं. मोबाइलवर बघणाऱ्याला "बेस्ट होमस्टे गुहागर, चीप होमस्टे" एवढंच दिसू शकतं. बेस्ट पण आणि चीप पण. घ्या.

बरं, आपण लिहिलेलं टायटल गूगल दाखवेलच असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टपासून तर निकालातलं शीर्षक बनवायची त्यांची पद्धतच बदलली आहे. टायटल अर्धवट असलं, सगळीकडे तेच तेच असलं, शब्द कोंबलेले असले, किंवा पानाशी जुळत नसलं तर ते बाजूला ठेवून पानावरचं मोठं शीर्षक उचलतात, नाहीतर दुसऱ्या साइटने आपल्याला लिंक देताना जे शब्द वापरलेत ते. मावशीच्या पानावर पूर्वीच्या डिझायनरने ठळक अक्षरात "सुस्वागतम" लिहून ठेवलंय. म्हणजे एवढा खटाटोप करून गूगलमध्ये काय दिसायची शक्यता, तर सुस्वागतम! तपासायला काही लागत नाही हो, गूगलमध्ये `site:` टाइप करायचं, त्याला चिकटून आपल्या साइटचा पत्ता, आणि येणारी शीर्षकं आपल्या टायटलशी ताडून बघायची. एजन्सीने एवढं जरी केलं असतं ना, तरी "चुका आढळल्या" म्हणायला तोंड होतं.

टायटलने होतं काय, तेही सांगतो. जेवणाच्या पानाचं टायटल नुसतं "Home" होतं, ते मी असं केलं:

```
<title>गुहागर होमस्टे: घरगुती शाकाहारी जेवण आणि दर</title>
```

पानावर खरोखर जेवणाची माहिती आणि दर आहेत, नव्हते ते आधी मावशीकडून लिहून घेतले. मग "गुहागर शाकाहारी जेवण होमस्टे" असं कोणी शोधलं तर हे पान त्याच्या कामाचं आहे हे गूगलला कळायला मदत होते, आणि निकालात दिसलंच तर त्या माणसाला क्लिक करायला कारण मिळतं. टायटलचं काम एवढंच, पण ते नीट करावं लागतं. नुसतं "गुहागर होमस्टे" शोधलंत तर वर नकाशा आणि त्यातली तीन नावं, खाली मोठ्या बुकिंगवाल्यांची पानं, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे रिव्ह्यू आहेत आणि हजारो साइट्सवरून लिंका आहेत. नकाशातलं स्थान तर शोधणारा कुठे आहे, व्यवसाय किती ओळखीचा आहे यावरही ठरतं. त्यातलं टायटलने काय बदलणार? पाटी बदलून मिसळ चविष्ट होत नाही.

महिन्याचा हिशोब विचारू नका. टायटल बदललं की गूगलने ते पान पुन्हा येऊन वाचावं लागतं, त्याला कधी चार दिवस लागतात, कधी काही आठवडे. शेवटचं कधी वाचलं ते सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट टूलमध्ये पानाचा पत्ता टाकला की दिसतं. एसइओच्या, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणायच्या, कामाचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं गूगलच सांगतं. पण तुमच्या ३० दिवसांत तेही धरलेलं असेल ना!

गॅरंटी नक्की कुठल्या शब्दाची, हे तर चुकूनही विचारू नका. कारण तो शब्द ते निवडतात. "गुहागर पीसफुल फॅमिली होमस्टे विथ वाडी व्ह्यू" यावर पहिला नंबर महिन्यात काय, आठवड्यातही येईल, कारण अख्ख्या जगात हे कोणी शोधत नाही आणि त्यावर दुसरं पानच नाही. स्क्रीनशॉट पाठवतील, पहिला नंबर, वर हिरवी टिक. मग तुम्ही सर्च कन्सोल उघडून परफॉर्मन्समध्ये हीच ओळ शोधा. एकतर ती यादीत येणारच नाही, नाहीतर सरासरी स्थान एक आणि इम्प्रेशन दोन, म्हणजे निकालात दोनदाच दिसलं, त्यातलं एक मावशीचं आणि एक त्यांचं. किंवा सरळ जाहिरात विकत घेतील, "प्रायोजित" लिहिलेलं असतं वर, ते पण पहिलंच पान की. पैसे थांबले की गायब.

सर्च कन्सोलची मालकी मागितली तर लगेच द्या, घराची किल्ली मागतील तेव्हा तीही.

आता पुरे. अहो एजन्सीवाले, काय चालवलंय हे? कोकणात चार खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईला तुम्ही "गंभीर चुका" म्हणून घाबरवता, चूक कुठली ते सांगत नाही, कारण साइट तुम्ही उघडलेलीच नाही. उघडली असती तर "Home" दिसलं असतं, ती खरी चूक होती आणि ती तुमच्या मेलमध्ये नाही. तिचा सीझन दिवाळी आणि मे, तेवढ्यात वर्षाचं कमवायचं असतं, त्यातले पैसे तुम्ही ज्याची गॅरंटी देताच येत नाही त्यासाठी मागता, वर "आजची शेवटची ऑफर". लाज वाटत नाही? काम येत असेल तर लेखी द्या: कुठले शब्द, ते आज कोण शोधतंय, कुठल्या पानावर काय बदलणार, आणि सहा महिन्यांनी सर्च कन्सोलमधले क्लिक आपण दोघांनी मिळून बघायचे. हे जमणार नसेल तर मावशीला पुन्हा मेल करू नका.