काचऱ्यांचा रंग आणि ॲक्रिलामाइड: एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, लेख वाचला. काचऱ्या खरपूस नसतील तर खायच्या कशाला? माझी आजी करपलेल्या काचऱ्या आवडीने खात ९१ वर्षं जगली. आणि ‘सोनेरी रंगावर थांबा’ हे कसलं मोजमाप? त्याच कढईत, त्याच आचेवर काचऱ्या कधी पिवळ्या राहतात, कधी पाच मिनिटांत तपकिरी होतात. रंगावरून रसायन ओळखणं हे शास्त्र नव्हे.»

नमस्कार. बटाटा तळताना ॲक्रिलामाइड हे घातक ठरू शकणारं रसायन तयार होतं, ते कमी राहावं म्हणून काचऱ्या सोनेरी झाल्या की थांबा, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. आधी कढईबद्दल बोलते, कारण सगळी मेख तिथेच आहे. कढई तीच असली तरी बटाटा तो नसतो. बटाट्यात ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर त्याची ग्लुकोज-फ्रुक्टोजशी गाठ पडली की ॲक्रिलामाइड तयार होतं. तपकिरी रंग आणि खरपूस वासही याच साखरांच्या आणि अमिनो आम्लांच्या संयोगातून येतो. म्हणून काचरी जितकी गडद, तितकं ॲक्रिलामाइड साधारणपणे जास्त. रंगावरून आकडा सांगता येत नाही, पण थांबायचं कधी ते कळतं.

आता तुमचा ‘कधी पिवळ्या, कधी तपकिरी’ हा प्रश्न. शीतगृहात २ ते ४ अंशांना ठेवलेला बटाटा आपल्या स्टार्चची साखर करतो. तो चवीलाही गोडसर लागतो. वेफर्सच्या कारखान्यांसाठीचे बटाटे म्हणूनच जरा उबदार, १० ते १२ अंशांना साठवतात. मागच्या पावसाळ्यात मी घरी असेच शीतगृहातले गोडसर बटाटे आणले होते. बोटाएवढ्या फोडी तेलात सोडल्या, तर तीन मिनिटांत कडा विटकरी झाल्या आणि आत बटाटा कच्चाच. दुसऱ्या घाण्याच्या फोडी मी आधी गरम पाण्यात, उकळी न आणता, सात-आठ मिनिटं ठेवल्या, ते पाणी फेकून दिलं आणि फोडी फडक्यावर कोरड्या केल्या. त्याच तेलात त्या सावकाश, सारख्या पिवळ्या झाल्या. वरच्या थरातली साखर पाण्यात उतरली होती. पातळ काचऱ्यांना गार पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी फरक पडतो. आता मी नवे बटाटे आणले की एकच फोड तळून बघते. ती झटकन काळवंडली तर त्या बटाट्यांची रस्सा भाजी करते. उकडताना तापमान शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

तळताना बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. जोराने बुडबुडे येत असतात तोवर फोडीतलं पाणी निघत असतं आणि ते तिला फार तापू देत नाही. बुडबुडे विरळ झाले की वरचा थर कोरडा पडतो, भराभर तापतो, आणि ॲक्रिलामाइड मुख्यतः याच शेवटच्या टप्प्यात वाढतं. तेल १७५ अंशांच्या आत ठेवा आणि बुडबुडे मंदावले की आच कमी करा. कुरकुरीतपणा पाणी गेल्याने येतो, त्यासाठी तपकिरी रंगापर्यंत जावं लागत नाही.

आपल्या काचऱ्यांत हळद-तिखट असतं, आणि तिथे मात्र रंग खरंच फसवतो. मी ती शेवटी घालते, म्हणजे बटाट्याचा स्वतःचा रंग दिसतो. चिमूटभर साखर आवडत असेल तर ती गॅस बंद केल्यावर घाला.

आजीबद्दल. एका ताटाने कुणाला काही होत नाही, आणि मी तसं म्हटलेलंही नाही. प्राण्यांमध्ये ॲक्रिलामाइडने कर्करोग होतो हे सिद्ध आहे. माणसांच्या आहारावरच्या अभ्यासांतून ठाम, एकसारखं उत्तर मिळालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, ते मुख्यतः प्राण्यांवरच्या पुराव्यावरून. ते अन्नात सापडलं २००२मध्ये, स्वीडनमध्ये. तिथे एका बोगद्याच्या कामात ॲक्रिलामाइड असलेलं गळतीरोधक वापरलं होतं. कामगारांचं रक्त तपासताना, ज्यांचा बोगद्याशी काहीच संबंध नव्हता अशांच्या रक्तातही त्याच्या खुणा दिसल्या, आणि शोध स्वयंपाकघरापर्यंत आला. मला काळजी रोजच्या सवयीची वाटते, त्यातही लहान मुलांची, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या पोटात ते जास्त जातं.

जाता जाता पावाबद्दलही सांगते, कारण भाजताना त्यातही ॲक्रिलामाइड तयार होतं. पावात हे प्रमाण तळलेल्या बटाट्यापेक्षा बरंच कमी असतं. युरोपीय संघाने गव्हाच्या मऊ पावासाठी किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी ठरवली आहे, तळलेल्या बटाट्याच्या फोडींसाठी ५००. पावाचा आतला गर शंभराच्या वर तापत नाही, जे होतं ते कवचात. टोस्ट मात्र पातळ आणि कोरडा, म्हणून तो मधाच्या रंगाचा झाला की काढा. चुकून काळा झालाच तर सुरीने वरचा थर खरवडून टाका. बरंचसं ॲक्रिलामाइड त्या काळ्या भुकटीबरोबर निघून जातं.