चाळीस लाख कोटी भागिले साडेबारा कोटी

«महाराष्ट्राची अर्थव्यवस्था 40 लाख कोटींची, देशात नंबर एक. म्हणजे देशात सर्वांत श्रीमंत आपणच. गोवा तर आपल्या पुणे जिल्ह्याएवढाही नाही. आणि 40 लाख कोटींना साडेबारा कोटींनी भागा, माणशी 3 लाख 20 हजार येतात. सरकार 2 लाख 79 हजार सांगतं. मधले 40 हजार कुणी खाल्ले?»

असा हिशोब कुणी मांडला तर त्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. 2023-24 मध्ये चालू किमतींनुसार महाराष्ट्राचं स्थूल राज्य उत्पन्न 40 लाख कोटींच्या वर होतं, आणि तेवढं दुसऱ्या कुठल्याही राज्याचं नव्हतं. घोळ «म्हणजे»पासून सुरू होतो.

आधी त्या 40 हजारांचं बघू, कारण हा भागाकार मीही एकदा मोबाइलवर केला होता आणि असाच चक्रावलो होतो. ते कुणी खाल्ले नाहीत, यंत्रांनी झिजवले. आपण भागतो ते स्थूल उत्पन्न, आणि दरडोई उत्पन्न म्हणून छापलं जातं ते निव्वळ. वर्षभरात यंत्रं, इमारती, रस्ते जेवढे झिजतात तेवढा घसारा आधी वजा होतो आणि मग लोकसंख्येने भागलं जातं. रिक्षावाला दिवसाचा गल्ला मोजताना टायरची झीज बाजूला काढतो, तसंच हे. म्हणून एका राज्याचा घरी केलेला भागाकार दुसऱ्या राज्याच्या छापील आकड्याशेजारी ठेवला की तुलना तिथेच फसते. दोन्हीकडे निव्वळच घ्या, वर्षही एकच घ्या. चालू वर्षाचा पूर्वानुमानाचा आकडा नंतर सुधारला जातो, त्यामुळे एक-दोन वर्षं जुना आकडा जास्त भरवशाचा.

आता गोवा. एकूण आकड्यात पुण्यासमोर गोवा लहानच आहे. पण 2011 च्या जनगणनेत गोव्यात माणसं होती साडेचौदा लाख आणि महाराष्ट्रात सव्वाअकरा कोटी. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या 2024 मधल्या एका टिपणात महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दीडपट दिसतं, तर गोव्याचं जवळपास 2.9 पट. थोडक्यात, माणशी गोवा आपल्या दुपटीच्या आसपास.

यावर कुणी गोवेकर खूश होऊन «आम्ही दुप्पट श्रीमंत» म्हणाला, तर तेही मान्य नाही. हे उत्पन्न राज्याच्या हद्दीत जे तयार झालं त्याचं आहे, राज्यातल्या लोकांच्या हाती जे पडलं त्याचं नाही. वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्याचं मूल्य गोव्याच्या खात्यात धरलं जातं, मग नफा मुंबईच्या मुख्य कार्यालयात जावो की परदेशी भागधारकाकडे. सावंतवाडीहून रोज गोव्यात कामाला जाणाऱ्या पोराची कमाई गोव्याच्या उत्पन्नात येते, पण त्याचं डोकं मोजलं जातं महाराष्ट्रात. उलट, जहाजावरचा गोवेकर घरी पैसे पाठवतो ते गोव्याच्या उत्पन्नात धरलेच जात नाहीत. कोकणाला हे समजावून सांगायला नको. गिरण्यांच्या काळात मनीऑर्डरीवर गावंच्या गावं जगली, पण ती कमाई मोजायची झाली तर मुंबईचीच.

बाहेरून येणाऱ्या पैशाने काय फरक पडतो ते केरळशी तुलना केली की दिसतं. त्याच टिपणात केरळचं दरडोई उत्पन्नही देशाच्या दीडपटच आहे, म्हणजे आपल्या बरोबरीचं. पण 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत केरळच्या खेड्यात माणशी महिन्याचा खर्च 5,900 रुपयांच्या आसपास निघाला, महाराष्ट्राच्या खेड्यात 4,000 च्या. शहरांत मात्र दोघांत फरक थोडाच. उत्पन्न सारखं आणि खेड्यातला खर्च दीडपट, असं कसं? एक तर आखातातून येणारा पैसा, जो केरळच्या राज्य उत्पन्नात नसतो पण घरखर्चात दिसतो. दुसरं आपल्याकडचं दुखणं: आपली सरासरी मुंबई, ठाणे आणि पुणे वर ओढतात. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो. त्यात तळाला नंदुरबार, वाशीम, गडचिरोली हीच नावं फिरून फिरून येतात. राज्याचा 2.79 लाखांचा आकडा नंदुरबारच्या माणसाला दाखवला तर तो विचारील, हे कुठल्या राज्याचं?

खर्चाचे आकडेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. श्रीमंत घरं अशा पाहणीत नीट सापडत नाहीत, आणि 6,000 रुपयांत मुंबईत जे मिळतं ते पालघरच्या पाड्यावर मिळतं तेवढंच नसतं. «स्थिर किमती» लिहिलेला रकाना घेऊनही हे सुटत नाही. तो दोन वर्षांमधली महागाई काढून टाकतो, दोन गावांमधली नाही.

म्हणून दोन राज्यांत राहणारी माणसं ताडून बघायची असतील तर मी एकाच वर्षाचं निव्वळ दरडोई उत्पन्न घेतो, शेजारी खेडं आणि शहर वेगळं करून घरगुती खर्च मांडतो, आणि जिल्ह्यांचा तक्ता हाताशी ठेवतो. 40 लाख कोटींचा आकडा मात्र टाकून द्यायचा नाही. राज्याने काढलेलं कर्ज झेपेल का, हे त्याच आकड्याच्या टक्केवारीत मोजतात. त्यासाठीच तो वापरा.